एकाच वाचकासाठी लिहिताना काय बदलते? बोर्डो मिश्रणाच्या एका मजकुराच्या निमित्ताने

रानवाट

शेतीविषयक माहितीपत्रकांचे मराठी तपासून देण्याचे काम मी बरीच वर्षे करतो. पत्रक कोणासाठी आहे असे विचारले की बहुतेक वेळा "सर्व शेतकऱ्यांसाठी" असे उत्तर येते, आणि मजकूर हाती घेतला की तो कोणाहीसाठी लिहिलेला नाही हे पहिल्या दोन ओळींतच कळते. त्याऐवजी एक ठरावीक माणूस समोर ठेवून लिहिले तर नेमके काय बदलते, हे मला उदाहरण घेऊन बोलायचे आहे. सुपारीवरच्या कोळेरोगासाठी मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण कसे करावे, हा तो मजकूर. पत्रकात असतो तशा धर्तीवर तो साधारण असा होतो:

"कोळेरोग हा सुपारीवरील प्रमुख बुरशीजन्य रोग आहे. त्याच्या नियंत्रणासाठी पावसाळ्यापूर्वी १ टक्का तीव्रतेच्या बोर्डो मिश्रणाची फवारणी करण्यात यावी व ४० ते ४५ दिवसांनी दुसरी फवारणी करण्यात यावी. मिश्रण तयार करताना धातूच्या भांड्यांचा वापर टाळावा. मिश्रणाचा सामू उदासीन असल्याची खात्री करून घ्यावी."

यात चुकीचे काहीही नाही. आता हाच मजकूर मी माझ्या आत्याला लिहिला तो असा. सिंधुदुर्गात तिची पोफळीची बाग आहे, आणि वयाची साठी उलटून गेली तरी बाग तीच पाहते.

"ती. आत्यास शि. सा. न. पाऊस लागायच्या आधी, मे संपता संपता, पहिली फवारणी उरकून घे. आदल्या रात्री पडवीतल्या एका प्लॅस्टिकच्या पिंपात ५० लिटर पाणी भर आणि १ किलो मोरचूद फडक्यात बांधून पाण्याच्या वरच्या भागात टांगून ठेव, म्हणजे सकाळपर्यंत आपोआप विरघळेल. तळाशी टाकलंस तर तसंच पडून राहील. सकाळी दुसऱ्या, मोठ्या पिंपात १ किलो कळीचा चुना थोड्या पाण्यात विरव. तो उकळतो, तेव्हा वाकून बघू नकोस. निवला की पाणी घालून ५० लिटर कर आणि गाळून घे. गेल्या वर्षीचं उरलेलं पोतं वापरायचं तुझ्या मनात येईल, पण ते वापरू नकोस. हवा लागून त्या चुन्याचा जोर गेलेला असतो, आणि तेवढ्या चुन्यात मोरचूद पुरतं मरत नाही. मग तेच घोसांवर गेलं की कोवळी फळं भाजतात. नवे खडे आण. चुन्याच्या पाण्यातलं एक तांब्याभर बाजूला ठेव आणि उरलेल्यात मोरचुदाचं पाणी ढवळत ढवळत ओत. नंतर जुना विळा घासून चकचकीत कर आणि मिश्रणात मिनिटभर बुडव. पात्यावर तांबूस थर चढला तर बाजूला ठेवलेलं चुन्याचं पाणी थोडंथोडं घालत जा. थर चढेनासा झाला की फवारायला दे आणि त्याच दिवशी संपव. दुसऱ्या दिवशी ते चिकटत नाही. दुसरी फवारणी दीड महिन्याने, उघडीप मिळेल तेव्हा."

दोन्ही मजकूर शेजारी ठेवल्यावर शब्दांचा फरक आधी दिसतो. "सामू उदासीन" गेला आणि विळा आला. तिथे अवघड शब्द काढून सोपा घातला असे झालेले नाही, कारण विळा हा सामूचा अर्थ नव्हे. वाचकाने हाताने करायची कृतीच बदलली. आत्याकडे सामू म्हणजे आम्लता मोजायची पट्टी नाही, विळा आहे, आणि मोकळे तांबे शिल्लक आहे की नाही हे तिला विळ्यावरून पुरेसे कळते. पत्रकाच्या लेखकाला वाचकाच्या घरात काय आहे हे ठाऊक नसते, म्हणून तो "खात्री करून घ्यावी" असे लिहितो आणि खात्री कशी करायची हे वाचकावर सोडून देतो.

दुसरा फरक गाळलेल्या मजकुराचा. रोग बुरशीजन्य आहे, तो प्रमुख आहे, हे सगळे मी काढून टाकले, कारण पावसात सडून बुंध्याशी पडलेली सुपारी आत्याने माझ्याहून कितीतरी अधिक पाहिली आहे. टक्केवारीही काढली. उलट जुन्या चुन्याचे पोते माझ्या पाहण्यातल्या कोणत्याही पत्रकात नाही आणि इथे मात्र त्याला चार-पाच वाक्ये दिली आहेत. ती आली याचे कारण, मी लिहीत असताना आत्या मनात म्हणत होती, "अर्धं पोतं पडलंय की, कशाला नवा आणू?" माझ्या मते सगळा बदल इथून सुरू होतो. ठरावीक वाचक म्हणजे जो उलट बोलतो तो. त्याचा आक्षेप ऐकू आला की कुठे कारण द्यायचे आणि कुठे नुसते सांगून पुढे जायचे हे ठरते. पिंप प्लॅस्टिकचे का, याचे कारण मी दिलेले नाही. तिच्याकडे दुसऱ्या कशाचे पिंपच नाही.

आता माझा प्रश्न. हे पत्र पुढे गावातल्या इतरांना द्यायचे आहे. त्यात आत्या किती शिल्लक ठेवावी?

---

कातळकोर

लेख आवडला. माझ्या समजुतीप्रमाणे याचे सार असे, की सोपे लिहावे. संस्कृत शब्द टाळावेत, वाक्ये लहान करावीत, "करण्यात यावी" यासारखे कर्मणी प्रयोग काढावेत. एक वाचक मनात धरणे हा तिथे पोहोचण्याचा एक मार्ग झाला. पण वाचक मनात न धरताही हे नियम पाळले तर तोच परिणाम साधेल, असे मला वाटते.

---

शुभदा_म

कातळकोर, कर्मणी प्रयोगाविषयी तुमचे म्हणणे बरोबर आहे, पण बाकीचे मला पटत नाही. तुमचे नियम पत्रकाला लावून पाहा. "कोळेरोग बुरशीमुळे होतो. पावसाआधी १ टक्का बोर्डो फवारा. धातूचे भांडे वापरू नका. सामू सात ठेवा." वाक्ये लहान झाली, कर्मणी गेला, संस्कृत जवळजवळ गेले. तरीही जुन्या चुन्याचे पोते त्यात आले नाही आणि येणारही नाही, कारण ते कोणत्याही नियमातून निघत नाही.

आणि वाचक बदला. रानवाटांनी हाच विषय वनस्पतिरोगाच्या एखाद्या संशोधकाला कळवायचा ठरवला, तर "सामू" हाच योग्य शब्द होईल आणि विळा तिथे खटकेल. मोरचूद फडक्यात बांधण्याची सगळी कृती गळेल. फवारणी कोणत्या तारखेला झाली, त्यानंतर किती दिवस उघडीप मिळाली, पहिली फळगळ कधी दिसली, हे सगळे आत येईल. ते पत्र आत्याच्या पत्रापेक्षा अवघड असेल आणि त्याच्या वाचकासाठी तेवढेच नेमके असेल. शिवाय आत्याचे पत्र पत्रकाच्या दुपटीहून मोठे आहे हेही पाहा. थोडक्यात लिहिणे आणि एका वाचकासाठी लिहिणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्याकडचे याचे सर्वांत जुने उदाहरण मला चांगदेव पासष्टीत दिसते. परंपरेने सांगितलेली कथा अशी, की ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसलेले चांगदेव मायन्यापाशीच अडले. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार लिहावा, हे ठरेना, म्हणून त्यांनी कोरा कागदच पाठवला. कथा खरी असो वा नसो, तिच्यात लेखनाविषयीचे एक अचूक निरीक्षण आहे. वाचकाशी आपले नाते ठरल्याशिवाय पहिला शब्दसुद्धा लिहिता येत नाही. उत्तरादाखल आलेल्या ६५ ओव्या याच्या अगदी उलट आहेत. नाते निश्चित आहे, "चांगया" अशी जवळिकीची हाक आहे, आणि समोरचा योगी आहे हे गृहीत धरून प्राथमिक असे काहीच सांगितलेले नाही. ज्ञानेश्वरी सुमारे नऊ हजार ओव्यांची आहे, तिथे श्रोत्यांचा मेळा समोर आहे, आणि एकेका मुद्द्यासाठी दृष्टांतामागून दृष्टांत येतात. पासष्टीतही सोने आणि दागिना, पाणी आणि लाट येतात, पण ते फार वेळ थांबत नाहीत. विषय तोच आहे आणि लिहिणाराही तोच आहे. वाचक एक झाल्यामुळे काय काय गळते, हे पाहायचे असेल तर ही दोन्ही पुस्तके जवळ ठेवून वाचावीत.

---

मधुमालती

रानवाट, फार उपयुक्त माहिती दिलीत, मनापासून आभार. माझ्याकडे पाठीवरचा १६ लिटरचा पंप आहे आणि घरामागे आंब्याची थोडी कलमे आहेत. या पंपासाठी मोरचूद आणि चुना किती घ्यावा? आंब्याला हेच प्रमाण चालेल का?

---

रानवाट

मधुमालती, १ टक्क्यासाठी १६ लिटरला प्रत्येकी १६० ग्रॅम घ्यावे लागेल. पण आंब्यावर तुम्हाला नेमके काय दिसते आहे हे कळल्याशिवाय तिथे बोर्डो वापरा असे मी सांगणार नाही. भुरी असेल तर उपाय वेगळा असतो, तुडतुडे असतील तर आणखी वेगळा. पान किंवा मोहोर घेऊन जवळच्या कृषी कार्यालयात दाखवावा, ही विनंती.

तुमचा प्रश्न मला या धाग्यासाठी फार महत्त्वाचा वाटतो. पत्रात "१ टक्का" मी ठेवला असता तर १६ लिटरचा हिशेब तुम्हाला स्वतः करता आला असता. आत्याची पिंपे ठरलेली, म्हणून मी प्रमाण काढून फक्त वजने ठेवली, आणि ते पत्र तुमच्यापर्यंत आले तेव्हा नेमकी तीच जागा रिकामी निघाली. एका वाचकाला अनावश्यक असलेली गोष्ट दुसऱ्याला अत्यावश्यक असते. ही या पद्धतीची खरी किंमत आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही.

---

प्रवासी_नाना

मी आमच्या गृहनिर्माण संस्थेचा सचिव आहे, त्यामुळे माझा अनुभव शेतीचा नाही, सूचनाफलकाचा आहे. पाण्याची टाकी धुवायच्या दिवशी पाणी बंद राहील, अशी सूचना लावायची होती. ती लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर एक विशिष्ट सभासद होते, जे दर वेळी "आम्हाला कोणी कळवलेच नाही" असे म्हणतात. त्यामुळे सूचनेत "फलकावर वेळेत लावूनही", "पूर्वकल्पना दिलेली असल्याने तक्रार ग्राह्य धरली जाणार नाही" अशी वाक्ये येत गेली. बाकीच्या सभासदांना ती सूचना रागावून लिहिल्यासारखी वाटली, आणि पाणी किती वाजता येणार हे अगदी तळाशी गेले. म्हणजे एक वाचक मनात धरल्याने माझा मजकूर बिघडला असे म्हणावे लागेल. रानवाटांच्या सिद्धांताचे इथे काय करायचे?

---

शुभदा_म

नाना, तुमचे उदाहरण अगदी योग्य जागी आले. वाचक म्हणून तुम्ही प्रतिपक्ष निवडला. अशा वाचकासाठी लिहिले की मजकूर वकिली होतो, कारण त्याला काही कळावे यासाठी आपण लिहीत नसतो, त्याला पुढे काही बोलता येऊ नये यासाठी लिहीत असतो. रानवाटांची आत्यासुद्धा आक्षेप घेते, पण तिला फवारणी करायची आहे. तिच्या आक्षेपाला कारण दिले की काम पुढे सरकते. तुमच्या सभासदाच्या आक्षेपाला काहीही दिले तरी तो तिथेच राहतो. ती सूचना तुम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या अशा एखाद्या आजींसाठी लिहिली असती, ज्यांना बादल्या कधी भरायच्या एवढेच हवे आहे, तर वेळ पहिल्या ओळीत आली असती.

वाचक कसा निवडावा याविषयी गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी एका ठिकाणी फार स्वच्छ लिहिले आहे. अमेरिकेच्या रोखे आयोगाने १९९८ साली कंपन्यांसाठी सोप्या इंग्रजीची मार्गदर्शक पुस्तिका काढली, तिच्या प्रस्तावनेत ते सांगतात की वार्षिक अहवाल लिहिताना आपण आपल्या दोन बहिणींशी, डोरिस आणि बर्टी यांच्याशी, बोलत आहोत असे ते मानतात. बहिणी हुशार आहेत, पण हिशेबशास्त्र किंवा वित्तव्यवहारातल्या जाणकार नाहीत. मला त्यातला पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. जागा उलट असत्या, तर बहिणींनी जी माहिती आपल्याला द्यावी असे वाटले असते, तीच त्यांना द्यायची, असे ते म्हणतात. शब्द कोणते वापरावेत याबरोबरच, कोणती वाईट बातमी लपवायची नाही हेही या कसोटीने ठरते. बहिणीला तोटा सांगताना तो तळटीपेत ढकलता येत नाही.

---

कातळकोर

शुभदाताई, नियमांविषयी मी माझे म्हणणे मागे घेतो. पण एक शंका राहते. मनातला वाचक आपणच रचलेला असतो. तो आपल्याला हवे तेच आक्षेप घेईल आणि हवे तिथे मान डोलावेल. मग तो वाचक आहे की आपलाच आरसा आहे, हे ओळखायचे कसे?

---

शुभदा_म

ओळखण्याच्या दोन खुणा मी वापरते. आपल्या मजकुरातले कोणते वाक्य तो वाचक न वाचता पुढे जाईल हे सांगता आले पाहिजे, आणि कोणत्या वाक्यावर तो अडेल हेही सांगता आले पाहिजे. दोन्ही सांगता येत नसतील तर तिथे अजून कोणीच नाही, नुसते नाव आहे. पण ही घरातल्या घरात करायची तपासणी झाली. याहून खात्रीची रीत म्हणजे मजकूर त्या माणसाला वाचून दाखवावा आणि तो मध्येच कुठे बोलतो ते टिपून ठेवावे. "समजले का?" असे मात्र विचारू नये, कारण त्याला "हो" हेच उत्तर मिळते. "आता तुम्ही पहिल्यांदा काय कराल?" असे विचारावे.

---

रानवाट

ही रीत मी या पत्रापुरती केली आहे. आत्याला फोनवर वाचून दाखवले तेव्हा ती चुन्यापाशी अडेल असे वाटले होते, पण तिथे ती काहीच बोलली नाही. ती अडली "मिनिटभर बुडव" या शब्दांवर. "मिनिटभर म्हणजे किती, पाते काढून लगेच बघायचे की वाळू द्यायचे?" असे तिने विचारले. त्यावरून मी तिथे "बाहेर काढून ओले असतानाच उजेडात बघ" असे वाक्य घातले. ते मला घरी बसून सुचले नसते.

---

दिगंत

मी कीटकनाशके आणि बुरशीनाशके विकण्याच्या व्यवसायात आहे, म्हणून थोडे वेगळे मत मांडतो. आपल्या देशात अशा औषधांच्या डब्यावर दोन त्रिकोणांत विभागलेला एक चौकोन असतो आणि खालच्या त्रिकोणाचा रंग विषारीपणाप्रमाणे लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा असतो. ती खूण कोणा एकासाठी मुळीच केलेली नाही. वाचता न येणारा, दुसऱ्या राज्यातून आलेला, घाईत असलेला, अशा सर्वांसाठी ती आहे, आणि तशीच असायला हवी. डबा कोणाच्या हातात जाईल हे मला ठरवता येत नाही. अशा ठिकाणी "आत्याला हे ठाऊक आहे" म्हणून काही गाळले तर ते ज्याला ठाऊक नाही त्याच्या जिवावर येऊ शकते.

आता रानवाटांचे पत्र पुन्हा वाचा. चुना उकळताना वाकून बघू नकोस, ही एकच काळजी त्यात आहे. हातमोजे नाहीत, डोळ्यांची काळजी नाही, वाऱ्याची दिशा नाही. पत्र वाचणार आत्या, पण पोफळीवर चढून फवारणार तिचा गडी. जो प्रत्यक्ष भिजणार आहे तो या पत्राचा वाचकच नाही. एकच वाचक डोळ्यांसमोर ठेवला की त्याच्या मागे उभा असलेला माणूस दिसेनासा होतो, असा माझा आक्षेप आहे.

---

शुभदा_म

दिगंत, हा या धाग्यातला सर्वांत वजनदार आक्षेप आहे. डब्यावरचा मजकूर सर्वांसाठीच हवा, यात मला शंका नाही. पण गड्याचे काय, याचे उत्तर "सर्वांसाठी लिहा" हे नव्हे. पत्रकात "संरक्षक साधनांचा वापर करावा" असे वाक्य असते, आणि तेही गड्यापर्यंत पोहोचत नाही. गड्यासाठी वेगळे लिहायला हवे.

---

प्रवासी_नाना

पण तो वाचत असेल का? कोकणात आता बागेत नेपाळचे किंवा कर्नाटकातले कामगार पुष्कळ दिसतात. मराठी बोलणे त्यांना जमते, वाचणे प्रत्येकाला जमेलच असे नाही.

---

रानवाट

आत्याचा गडी मराठी समजतो, वाचत नाही. दिगंत यांचे म्हणणे मान्य करून मी पत्राला शेवटी एक भाग जोडतो आहे. तो वाचणार आत्या, पण बोलून दाखवणार गड्याला, म्हणून तो तिने त्याला म्हणायच्या शब्दांतच लिहिला आहे:

"वारा पाठीवर घे. समोरून आला तर उतर आणि दुसऱ्या बाजूने चढ. पूर्ण बाह्यांचा सदरा घाल, डोळ्यांना चष्मा लाव, डोक्याला फडकं बांध. डोळ्यात उडालं तर चोळू नकोस, लगेच खाली ये आणि भरपूर पाण्याने धू. हात साबणाने धुतल्याशिवाय विडी नाही, तंबाखू नाही, जेवण नाही."

इथे वाक्ये पुन्हा लहान झाली आणि कारणे जवळजवळ गेली, कारण हे झाडाखाली उभे राहून सांगायचे आहे आणि ऐकणाऱ्याने ते वर चढेपर्यंत लक्षात ठेवायचे आहे. विडी-तंबाखू नाव घेऊन लिहिली, कारण "काही खाऊ नये" यात तंबाखू मोडत नाही असे तो धरून चालेल.

गावातल्या इतरांना द्यायच्या प्रतीचे मी असे ठरवतो आहे, की मायना काढायचा, पडवी काढायची, "१ टक्का म्हणजे १०० लिटरला प्रत्येकी १ किलो" हे वाक्य परत घालायचे, आणि जुना चुना, विळा व गड्याचा भाग जसाच्या तसा ठेवायचा. "तू" ठेवावे की "तुम्ही" करावे, हे अजून ठरत नाही. "तुम्ही" केले की जुन्या चुन्याचे वाक्य उपदेशासारखे ऐकू येते, आणि "तू" ठेवले तर अनोळखी माणसाला ते अपमानाचे वाटेल.

---

शुभदा_म

"तुम्ही" करावे, आणि जुन्या चुन्याच्या वाक्यातून "तुझ्या मनात येईल" काढून तिथे "गेल्या वर्षीचे पोते उरले असेल तर" असे लिहावे. आक्षेप तोच राहील, मात्र तो कोणाच्या स्वभावावर न जाता पोत्यावर जाईल.

---

कातळकोर

मला "मनात येईल" हेच ठेवावेसे वाटते. माझ्याही पडवीत पोते आहे, आणि ते वाक्य वाचताना हे आपल्यालाच लिहिले आहे असे मला वाटले होते. "उरले असेल तर" वाचून मी पुढे गेलो असतो.